मुलाखतीची प्रश्नावली आणि गुणपट्टी: सगळ्या उमेदवारांना एकाच मापाने कसं मोजायचं

सगळ्या उमेदवारांना तेच आठ प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराला दहापैकी गुण दिले, बेरजा केल्या. तरीही शेवटी निवड झाली ती "मला तो दुसरा जरा बरा वाटला" या एका वाक्यावर. असं झालं की लोक प्रश्न बदलतात. खरा दोष बहुतेक वेळा प्रश्नांत नसतोच. दहापैकी सात म्हणजे नेमकं कसं उत्तर, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. एकाचे सात म्हणजे "छान", दुसऱ्याचे सात म्हणजे "ठीक", आणि आपण त्या दोन सातांची सरासरी काढत बसतो.

दुसरी चूक क्रमाची असते. आधी कुठून तरी प्रश्न गोळा होतात, मग मुलाखती होतात आणि गुण कशाला द्यायचे हे सगळ्यांत शेवटी ठरतं. योग्य क्रम असा: कामातले प्रसंग, त्यांतून निकष, निकषांवरून प्रश्न, प्रश्नासोबतच गुणपट्टी, मग तालीम आणि त्यानंतर मुलाखत. हा क्रम समजावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. जागा आहे एका मोठ्या गोदामातल्या शिफ्ट सुपरवायझरची. हाताखाली बारा-पंधरा माणसं, आलेला माल उतरवून घेणं, साठ्याचा हिशेब ठेवणं आणि गाड्या वेळेवर भरून सोडणं, हे त्याचं काम.

## टप्पा १: कामातले खरे प्रसंग गोळा करा

हे काम आज करणारी दोन माणसं आणि त्यांच्यावरचा एक अधिकारी, एवढ्यांशी प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बोला. "या जागेसाठी कोणते गुण लागतात?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: प्रामाणिकपणा, संवादकौशल्य, नेतृत्व. असली यादी कुठल्याही जागेला चालते, म्हणून या जागेला ती उपयोगाची नाही.

त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाने असं काय केलं की काम वाचलं? आणि असं काय केलं, किंवा करायचं राहिलं, की काम बिघडलं? प्रत्येक प्रसंग तीन ओळींत लिहा: परिस्थिती काय होती, माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेली ही पद्धत अजूनही सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त माहिती देते. तीन माणसांकडून पंधरा-वीस प्रसंग सहज मिळतात.

आपल्या गोदामात असे प्रसंग निघाले: साठ्याच्या मोजणीत चाळीस खोक्यांचा फरक आला, सुपरवायझरने तो पुढच्या मोजणीत जुळेल म्हणून दाबून ठेवला आणि महिनाअखेरीस तो दोनशेवर गेला. तीन माणसं न सांगता गैरहजर राहिली, तेव्हा एकाने माल उतरवणं दोन तास थांबवून सगळी माणसं गाडी भरायला लावली आणि गाडी वेळेत गेली. गाडी उशिरा निघू नये म्हणून दुसऱ्या एकाने रस्त्यात रचलेली खोकी तशीच ठेवून फोर्कलिफ्ट चालवू दिली.

तपासणी: लिहिलेल्या प्रसंगांत "बेजबाबदार", "चपळ", "हुशार" असं विशेषण दिसलं की तिथे थांबा आणि परत विचारा, "म्हणजे त्याने केलं काय?" वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं पाहिजे.

## टप्पा २: निकष चारच ठेवा

आता सारखे प्रसंग एकत्र लावा. ढीग आपोआप पडतात. आपल्या उदाहरणात चार पडले: माणसं कमी असताना कामाचा क्रम लावणं, हिशेबात फरक दिसला की तो शोधणं आणि कळवणं, घाईतही सुरक्षेचा नियम न सोडणं, हाताखालच्या माणसाला त्याची चूक सांगणं. नावं मुद्दाम क्रियापदात ठेवली आहेत. "सचोटी" असं नाव दिलंत तर प्रत्येक मुलाखतकार आपापली सचोटी मोजेल.

चारच का, याचं कारण वेळ आहे. एका निकषाचं नीट उत्तर खोदून काढायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे चार निकषांना चाळीस. आठ निकष घेतले की प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, आणि पाच मिनिटांत माणूस गोष्टीची प्रस्तावनाच सांगून संपवतो.

जे दुसरीकडे जास्त चांगलं मोजता येतं, ते मुलाखतीतून काढून टाका. फोर्कलिफ्टचा परवाना कागदावर दिसतो. साठ्याचा तक्ता वाचता येतो का, हे पंधरा मिनिटांच्या छोट्या चाचणीत कळतं. "तुम्हाला तक्ते वाचता येतात का?" या प्रश्नाला आजवर कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट ठरवून लिहून ठेवा: यातल्या कोणत्या निकषाला किमान मर्यादा आहे? आपल्या गोदामात सुरक्षेला आहे. तिथे मुलाखतकारांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाचपैकी ३ पेक्षा कमी असेल, तर बाकी कितीही गुण असोत, निवड नाही. हे आता, एकही उमेदवार पाहिलेला नसताना ठरवायचं. नंतर ठरवलेली मर्यादा म्हणजे आवडत्याला वाचवायची किंवा नावडत्याला पाडायची पळवाट असते.

## टप्पा ३: प्रत्येक निकषाला एक प्रश्न

वर्तनावर आधारित प्रश्न म्हणजे "तुम्ही काय कराल?" नव्हे, "तुम्ही काय केलंत?" अशा प्रश्नात तीन गोष्टी लागतात: एक विशिष्ट वेळ, त्या वेळची अडचण किंवा ओढाताण, आणि उमेदवाराने स्वतः केलेली कृती.

सुरक्षेच्या निकषाचा प्रश्न पाहा. पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं, "तुम्ही सुरक्षेचे नियम पाळता का?" याचं उत्तर प्रश्नातच आहे. दुसरा मसुदा: "घाईत कुणी सुरक्षा नियम मोडताना दिसलं तर तुम्ही काय कराल?" हा जरा बरा, पण यात उमेदवार आपली आदर्श मूर्ती उभी करतो. शेवटी ठरलेला प्रश्न असा:

"सुरक्षेचा नियम पाळला तर काम वेळेत होणार नाही, अशी वेळ तुमच्यावर आली तो एखादा प्रसंग आठवा. तो दिवस कसा होता आणि तुम्ही काय केलंत, ते सांगा."

यात दोन्ही बाजूंना वजन आहे. नियम पाळला तर काम मागे पडतं आणि काम गाठलं तर नियम मोडतो. ओढाताण नसलेल्या प्रश्नाला सगळेच चांगलं उत्तर देतात. अशा प्रश्नाने उमेदवार वेगळे पडत नाहीत.

बाकीचे तीन प्रश्न:

- "काम जास्त आणि माणसं कमी, अशी एखादी शिफ्ट आठवा. त्या दिवशी कोणतं काम आधी घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे तुम्ही कसं ठरवलंत?"
- "कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष माल जुळला नाही, असा एखादा प्रसंग सांगा. फरक लक्षात आल्यापासून पुढे काय काय झालं?"
- "तुमच्याबरोबरच्या किंवा हाताखालच्या कुणाला त्याची चूक सांगावी लागली, आणि ते सांगणं सोपं नव्हतं, असा प्रसंग सांगा."

नवख्या उमेदवाराने गोदाम पाहिलेलंच नसेल, तर त्याला दुसऱ्या कामातला, अभ्यासातला किंवा एखादा कार्यक्रम उभा करतानाचा प्रसंग सांगायची मुभा द्या. ही मुभा सगळ्यांना द्यायची आणि ती प्रश्नाच्या कागदावर शब्दशः लिहायची. सगळेच उमेदवार नवखे असतील तर मात्र काल्पनिक परिस्थितीचा प्रश्न जास्त न्याय्य ठरतो. तो सगळ्यांना सारखाच विचारा आणि त्याची गुणपट्टी वेगळी करा. एका उमेदवाराला घडलेला प्रसंग आणि दुसऱ्याला काल्पनिक विचारून दोघांचे गुण एका रांगेत मांडू नका.

सावधान: एका प्रश्नात दोन प्रश्न घुसवू नका. "चूक कशी सांगितलीत आणि तुमची टीम कशी बांधलीत?" यावर उमेदवार सोपा भाग निवडतो आणि अवघड सोडतो.

## टप्पा ४: गुणपट्टी प्रश्नासोबतच लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. प्रश्न अर्ध्या तासात लिहून होतात, चांगली गुणपट्टी लिहायला एक दिवस जातो.

पट्टी १ ते ५ ची ठेवा. १, ३ आणि ५ या पायऱ्यांवर वर्णन लिहा. २ आणि ४ मधल्या उत्तरांसाठी मोकळे सोडा. दहाची पट्टी नको. सहा आणि सातमधला फरक शब्दांत लिहून दाखवता येत नसेल, तर तो फरक कागदावरही नको.

आता वर्णन. "१: वाईट, ३: बरं, ५: उत्कृष्ट" ही गुणपट्टी नव्हे. ती नुसतीच आकड्यांना चिकटवलेली लेबलं झाली. वर्णनात कृती हवी, आणि ती कृती आपल्याकडे आधीच आहे: पहिल्या टप्प्यातले प्रसंग. काम बिघडवणारे प्रसंग १ च्या पायरीला जातात, काम वाचवणारे ५ च्या. मधली पायरी म्हणजे माणसाने जे करायलाच हवं तेवढं केलं, त्यापुढे नाही.

हिशेबातल्या फरकाच्या प्रश्नाची पट्टी आम्ही अशी लिहिली:

- १: फरक दिसला पण कुणाला कळवलं नाही, किंवा आकडा जुळवून टाकला. किंवा फरक सांगितला, पण कारण शोधायला स्वतः काहीच केलं नाही आणि सगळा दोष दुसऱ्यांवर ढकलला.
- ३: त्याच शिफ्टमध्ये वरिष्ठांना कळवलं. पुन्हा मोजणी केली किंवा करवून घेतली. फरक दुरुस्त झाला, पण तो का आला हे शोधलं नाही किंवा वरच्यांवर सोडलं.
- ५: त्याच शिफ्टमध्ये कळवलं, आणि कळवताना किती फरक, कोणत्या मालात, कधीपासून हे सांगितलं. आवक-जावकेच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या आणि कारण सापडलं. तोच फरक पुन्हा येऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काहीतरी बदललं, आणि तो बदल टिकला का हे नंतर पाहिलं.

यात "आत्मविश्वासाने सांगितलं", "मुद्देसूद बोलला" असं काही नाही, हे लक्षात घ्या. गोष्ट सांगण्याची हातोटी हा या जागेचा निकष नाही. अडखळत बोलणारा माणूसही नोंदी मागे जाऊन तपासू शकतो.

पट्टी चालते का, हे पाहायची एक युक्ती आहे. ती मूळ स्मिथ आणि केंडल या मानसशास्त्रज्ञांच्या १९६३ च्या कामातली. वर्णनातली प्रत्येक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि त्यावरचा आकडा व निकषाचं नाव काढून टाका. चिठ्ठ्या पिसून, पट्टी न लिहिलेल्या पण काम जाणणाऱ्या दोन-तीन जणांना द्या आणि सांगा, "ही ओळ कोणत्या निकषाची आणि कोणत्या पायरीची, ते लावा." जी ओळ वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या जागी लावली ती खोडा किंवा नव्याने लिहा. आमच्या पहिल्या पट्टीतली "वरिष्ठांशी सतत संपर्कात राहिला" ही ओळ एकाने ५ वर ठेवली आणि दुसऱ्याने १ वर. त्याचं म्हणणं, "हा स्वतः काहीच ठरवत नाही." दोघांचंही बरोबर होतं. ओळ गेली.

## टप्पा ५: खोदून विचारण्याचे प्रश्न आधीच ठरवा

मूळ प्रश्न सगळ्यांना सारखा, पण पुढचे प्रश्न मुलाखतकाराच्या मनाला येतील तसे, अशाने अर्धी शिस्त वाहून जाते. ज्याला पाच वेळा खोदलं त्याचं उत्तर भरघोस दिसतं आणि ज्याला एकदाच, त्याचं उणं. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली चार-पाच तटस्थ प्रश्न छापा आणि त्यांतलेच वापरा:

"त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?" "त्याच्या आधी काय झालं होतं?" "दुसरा कोणता मार्ग विचारात घेतला होता का?" "पुढे काय झालं, आणि ते तुम्हाला कसं कळलं?"

पहिला प्रश्न सगळ्यांत जास्त कामाचा. उमेदवार "आम्ही ठरवलं", "आम्ही मोजलं" असं बोलत राहतो आणि त्या "आम्ही"मध्ये त्याचा वाटा किती, ते दिसत नाही. त्यात लबाडीच असते असं नाही. पुष्कळांना "मी" म्हणणं आढ्यतेचं वाटतं. म्हणून "आम्ही"वर गुण कापू नका, विचारा.

सावधान: "म्हणजे तुम्ही लगेच वर कळवलं असेल ना?" हा प्रश्न नाही, पट्टीतली ओळ वाचून दाखवणं आहे. यानंतर मिळालेल्या "हो"ला गुण देऊ नका.

## टप्पा ६: रंगीत तालीम

मुलाखतींच्या आधी दोन दिवस, आज हेच काम करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला उमेदवार म्हणून बसवा. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलमधले तिघेही ऐकतील, लिहितील आणि एकमेकांशी न बोलता गुण देतील. मग कागद शेजारी ठेवा. एक गुणाचा फरक चालेल. दोन किंवा जास्त फरक असेल, तर त्या पायरीची ओळ कुठे संदिग्ध आहे ते शोधा आणि तिथेच बदला. वेळही मोजा. चाळीस मिनिटांत चार प्रश्न बसत नसतील तर प्रश्न कमी करा. तालीम न करता गेलात, तर तुमचा पहिला खरा उमेदवारच तालमीचा उमेदवार होतो आणि त्याच्यावर अन्याय होतो.

## टप्पा ७: मुलाखतीचा तास

तासाची वाटणी अशी: पाच मिनिटं ओळख आणि पद्धत समजावणं, चाळीस मिनिटं चार प्रश्न, दहा मिनिटं उमेदवाराचे प्रश्न, पाच मिनिटं निरोप. त्यानंतर पंधरा मिनिटं फक्त गुण देण्यासाठी राखा आणि त्या आत पुढच्या उमेदवाराला बोलावू नका. म्हणजे एका उमेदवाराला सव्वा तास. हे पंधरा मिनिट वाचवण्याच्या नादात लोक दिवसाअखेर चार जणांना एकदम गुण देतात. तोवर दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

सुरुवातीला सगळ्यांना तीच चार वाक्यं सांगा: आम्ही घडलेले प्रसंग विचारणार आहोत, आठवायला वेळ घ्या, जुन्या कंपनीची किंवा माणसांची नावं सांगायची गरज नाही, आम्ही लिहीत राहू, त्याने बिचकू नका. प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. खरा प्रसंग आठवायला अर्धा मिनिट लागू शकतं. ती शांतता असह्य होऊन मुलाखतकारच उदाहरण देऊन मोकळा होतो, आणि मग उमेदवार तेच उदाहरण परत ऐकवतो.

कुणाला प्रसंग आठवलाच नाही तर पुढच्या प्रश्नावर जा आणि शेवटी परत या. तरीही नसेल तर "प्रसंग दिला नाही" असं लिहा. त्याला किती गुण द्यायचे हेही आधीच ठरलेलं हवं. आम्ही १ देतो.

कागदावर डाव्या बाजूला फक्त ऐकलेलं लिहा, शक्य तेवढं त्याच्याच शब्दांत. "हुशार वाटतो" हे ऐकलेलं नाही. मुलाखत चालू असताना आकडा लिहू नका. पहिल्याच उत्तराला ५ लिहिले की पुढची तीन उत्तरं त्या पाचाच्या उजेडात ऐकू येतात.

## टप्पा ८: एकट्याने गुण द्या

एका उमेदवाराचं हिशेबाच्या प्रश्नावरचं उत्तर, टिपणात उतरलं तसं:

"संध्याकाळच्या मोजणीत अठरा खोकी कमी. पुन्हा मोजलं, तरी अठराच. साहेबांना फोन करून सांगितलं. त्यांनी उद्या बघू म्हटलं. मी दोन दिवसांच्या आवकेच्या पावत्या काढल्या. एका पावतीवर माल साठ लिहिलेला, उतरवलेला बेचाळीस. उतरवणाऱ्याने न मोजता सही केली होती. साहेबांना दाखवलं, पुरवठादाराशी ते बोलले." खोदल्यावर: "पुढे काय बदललं?" "काही नाही, त्या माणसाला समज दिली."

आता पट्टीशी लावू. त्याच शिफ्टमध्ये कळवलं, आकड्यासह: आहे. नोंदी मागे जाऊन तपासल्या, कारण सापडलं: आहे, आणि साठमधून बेचाळीस गेले की अठरा उरतात, म्हणजे गोष्ट हिशेबालाही जुळते. पद्धतीत बदल: नाही, एका माणसाला समज देणं म्हणजे पद्धत बदलणं नव्हे. बदल टिकला का पाहिलं: नाही. तीनच्या वर, पाचच्या खाली. गुण ४.

अशा उत्तरावर दोन चुका हमखास होतात. "साहेबांनी उद्या बघू म्हटलं तरी हा थांबला नाही" याने भारावून जाऊन ५ देणं, ही पहिली. चिकाटी पट्टीत नाही. दुसरी, हा उमेदवार आधीच्या उमेदवारापेक्षा बरा म्हणून एक गुण जास्त देणं. उत्तराची तुलना पट्टीशी करायची, माणसाची माणसाशी नाही. प्रत्येक आकड्यापुढे टिपणातलं एक वाक्य पुरावा म्हणून लिहा. वाक्य सापडत नसेल तर तो आकडा तुमच्या मनातून आलाय.

## टप्पा ९: मगच एकत्र बसा

एका पॅनेलवर असताना उमेदवार बाहेर पडताच आमच्यातले ज्येष्ठ म्हणाले, "काही म्हणा, पोरगा तयार आहे." मी कागदाकडे पाहिलं, तर माझ्या ३ ची ४ करायला पेन आपोआप पुढे सरकलं होतं. तेव्हापासून नियम एकच: कागद भरून एकाच्या हाती जमा होईपर्यंत उमेदवाराबद्दल एक शब्दही नाही. बोलायची वेळ आली की सगळ्यांत कनिष्ठ आधी बोलेल, ज्येष्ठ शेवटी.

चर्चा फक्त दोन किंवा जास्त गुणांच्या फरकाची करा. तिथे प्रत्येकाने आपलं पुराव्याचं वाक्य वाचावं. पुष्कळदा एकाने ऐकलेलं दुसऱ्याच्या टिपणात उतरलेलंच नसतं. त्यामुळे गुण बदलावासा वाटला तर बदला, पण जुना आकडा खोडू नका. शेजारी नवा लिहा आणि कारण टाका.

दोन उमेदवारांचा अंतिम तक्ता असा आला. कंसात तिघांचे गुण आहेत आणि पुढे सरासरी:

| निकष | उमेदवार क | उमेदवार ख |
|---|---|---|
| कामाचा क्रम | (५, ४, ५) ४.७ | (४, ३, ४) ३.७ |
| हिशेबातला फरक | (४, ४, ४) ४.० | (४, ५, ४) ४.३ |
| सुरक्षा | (२, २, ३) २.३ | (४, ४, ४) ४.० |
| चूक सांगणं | (५, ५, ४) ४.७ | (३, ३, ३) ३.० |
| एकूण | १५.७ | १५.० |

नुसती बेरीज पाहिली तर क पुढे आहे. पण सुरक्षेत त्याची सरासरी २.३ आहे आणि किमान मर्यादा ३ ची होती, म्हणून क बाद. त्याने सांगितलेला प्रसंग होता: गाडी उशिरा निघू नये म्हणून त्याने माणसांना हेल्मेटशिवाय रॅकखाली काम करू दिलं, आणि "काही झालं नाही" हे त्याने समाधानाने सांगितलं. इथे पॅनेलमधून नक्की आवाज येईल: "बाकी सगळं इतकं चांगलं आहे, सुरक्षा शिकवता येईल." तेव्हा दुसऱ्या टप्प्यातला तो कागद काढा.

समजा मर्यादा नसतीच आणि दोघेही पात्र असते, तरी ०.७ च्या फरकावर "क सरस" असं छातीठोक म्हणू नका. एकाच मुलाखतकाराने तीन ठिकाणी एकेक गुण कमी दिला असता, तर क खाली गेला असता. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन नव्याने तपासलं. त्यात अशा आखीव मुलाखतीचे गुण आणि पुढची कामगिरी यांतला सहसंबंध सुमारे ०.४२ निघाला. बाकीच्या पद्धतींच्या तुलनेत तो सगळ्यांत वरचा, पण १ पासून बराच लांब. एवढ्या मापाने एक गुणाच्या आतले उमेदवार बरोबरीचेच धरायचे आणि निर्णय दुसऱ्या पुराव्यावर घ्यायचा: काम करून दाखवायची छोटी चाचणी किंवा आधीच्या वरिष्ठांशी बोलणं. "आमच्यात कोण जास्त मिसळेल" यावर नको. मोठ्या कष्टाने दाराबाहेर ठेवलेली आवड-निवड त्या प्रश्नातून परत आत येते.

## टप्पा १०: पट्टीची दुरुस्ती, पण फेरी संपल्यावर

मुलाखतींच्या मधे एखादा प्रश्न फसतोय असं लक्षात आलं तरी तो बदलू नका. पहिल्या दोघांना एक आणि पुढच्या दोघांना दुसरा प्रश्न गेला की त्या निकषाचे गुण तुलनेला निरुपयोगी होतात. नोंद करून ठेवा आणि फेरी संपल्यावर पाहा. ज्या प्रश्नावर सगळ्यांना ४ मिळाले त्यात ओढाताण कमी पडली. ज्यावर सगळ्यांना १ मिळाला, तो प्रसंग बहुधा या कामात फार क्वचित येतो. ज्यावर तिघांचे गुण दर वेळी लांब लांब पडले, त्याच्या चिठ्ठ्या पुन्हा पिसा.

निवडलेला माणूस सहा महिने काम करून झाला, की त्याच्या वरिष्ठाला हीच चार निकषांची पट्टी द्या आणि त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या कामावरून गुण द्यायला सांगा. मुलाखतीतले गुण त्याला आधी दाखवू नका. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. पुढची जागा भरताना पहिला टप्पा तिथूनच सुरू करा.